मॉर्फमध्ये पाच मानाचे गणपती जागा बदलतात, आणि बेलबाग चौकात वळत नाहीत

पेठेतला_पंत

कार्यकर्त्यांच्या बैठकीत दाखवायला विसर्जन मिरवणुकीचा मार्ग पॉवरपॉइंटमध्ये करतोय. मागे नकाशाचं चित्र आणि त्यावर पाच गोल: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. गोलांत १ ते ५ आकडे. पहिल्या स्लाईडवर पाचही मंडईत, टिळक पुतळ्यापाशी. दुसरीवर बेलबाग चौक ओलांडून लक्ष्मी रस्त्यावर एकामागे एक. तिसरीवर अलका चौकात. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लाईडला `Morph` लावलंय, कालावधी दोन सेकंद ठेवलाय.

दोन अडचणी आहेत.

एक, १ नंबरचा गोल निघतो तो सरकता सरकता ३ होतो आणि ३ चा १ होतो. ५ नंबरचा तर मंडईत विरघळतो आणि लक्ष्मी रस्त्यावर नव्याने उगवतो.

दोन, गोल मंडईतून बेलबाग चौकापर्यंत वर जाऊन डावीकडे वळायला हवेत, पण ते तिरपे जातात, घरांच्या डोक्यावरून. तुळशीबागेतून शॉर्टकट मारल्यासारखे.

फाईल लॅपटॉपवर ३६५ मध्ये केली आहे. बैठकीच्या जागी कुठलं व्हर्जन आहे ते बघावं लागेल.

---

तात्या_सदाशिव

सोपं आहे. स्लाईड डुप्लिकेट करून केली नसेल, म्हणून होतंय. डावीकडच्या पट्टीत पहिली स्लाईड निवडा, `Ctrl+D` मारा आणि दुसरीवर गोल फक्त हलवा. नवीन स्लाईड घेऊन पुन्हा गोल काढले की मॉर्फला काही कळत नाही. डुप्लिकेट केलं की कधीच चुकत नाही.

---

पेठेतला_पंत

तात्या, डुप्लिकेटच केली आहे. फक्त दुसऱ्या स्लाईडवर दोन गोल चुकून डिलीट झाले होते, ते शेजारच्या गोलावरून कॉपी करून आकडे बदलले.

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

तिथेच गोची झाली. तात्यांचं निम्मं बरोबर आहे. डुप्लिकेट केल्यावर प्रत्येक आकाराची जोडी आपोआप लागते, पण ती जोडी आकाराची असते, त्यातल्या आकड्याची नाही. तुम्ही ३ नंबरचा गोल कॉपी करून त्यात १ लिहिलात. पाचही गोल एकाच मापाचे आणि एकाच प्रकारचे, त्यामुळे कोणाची जोडी कोणाशी लावायची याचा पॉवरपॉइंट अंदाज बांधतो, आणि तो चुकतो. ज्या गोलाला जोडी मिळतच नाही तो जागेवर विरतो आणि दुसरीकडे उगवतो. तुमच्या ५ नंबरचं तेच झालंय.

नक्की काय बिघडलंय ते ओळखायचं असेल तर दोन गोष्टी करा. कालावधी दोनऐवजी सहा सेकंद करा, म्हणजे डोळ्याला पकडता येतं. आणि पाच गोलांना तात्पुरते पाच वेगळे रंग द्या, दोन्ही स्लाईडवर तेच. भगवा गोल वाटेत हळूहळू निळा व्हायला लागला तर जोडी लागली आहे, पण चुकीची. गोल हलतच नाही, नुसता फिका होत जातो, तर जोडी लागलेलीच नाही. दोन्हींची लक्षणं वेगळी आहेत, उपाय मात्र एकच: जोडी आपण नाव देऊन ठरवायची.

`Alt+F10` दाबा. उजवीकडे `Selection Pane` उघडतं, त्यात स्लाईडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी असते: `Oval 4`, `Oval 7`, `Picture 2` वगैरे. एकेका नावावर डबलक्लिक करून असं बदला:

```
!!कसबा
!!जोगेश्वरी
!!गुरुजी
!!तुळशीबाग
!!केसरीवाडा
!!नकाशा
```

सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं हवीतच, त्यांच्यामुळेच मॉर्फ अंदाज सोडून नावाने जोडी लावतो. तिन्ही स्लाईडवर नाव तंतोतंत तेच हवं. एकीकडे `!!गुरुजी` आणि दुसरीकडे `!!गुरूजी` असं ऱ्हस्वदीर्घ झालं की संपलं. मराठी लिहिण्यातली आपली नेहमीची चूक इथे लगेच पडद्यावर दिसते. म्हणून नावं पुन्हा टाइप करू नका. पहिल्या स्लाईडवर नावं द्या, दुसरी आणि तिसरी स्लाईड काढून टाका आणि पहिलीवरून नव्याने डुप्लिकेट करा.

---

पुणेरी_चोखंदळ

>एकीकडे `!!गुरुजी` आणि दुसरीकडे `!!गुरूजी`

अखेर शुद्धलेखनाला पडद्यावर तरी दाद मिळाली.

---

कोथरूडकर_७८

माझाही मॉर्फचाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. आजोबांच्या फोटोचा चेहरा हळूहळू वडिलांच्या चेहऱ्यात बदलताना दाखवायचाय. दोन्ही फोटोंना `!!चेहरा` नाव दिलं. पहिला फोटो सरकतो, मोठा होतो, पण चेहरा काही बदलत नाही, नुसता एक फिका होऊन दुसरा येतो. नाव तर बरोबर आहे.

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

हे ते मॉर्फ नव्हे. डोळ्यावर डोळा, नाकावर नाक असं ओढून चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं. पॉवरपॉइंटच्या मॉर्फला चित्राच्या आत काय आहे ते कळत नाही. त्याला चित्राची चौकट कळते: कुठे आहे, केवढी आहे, किती फिरवली आहे, किती कापली आहे. दोन वेगळे फोटो एकाच नावाने जोडले तर चौकट सरकते आणि आतलं चित्र एकमेकांत विरघळतं, याहून जास्त काही होत नाही.

त्यातही बरं दिसायला हवं असेल तर दोन्ही फोटो असे कापा की डोळ्यांची रेघ दोन्ही चौकटींत एकाच उंचीवर येईल आणि चेहऱ्याची रुंदी सारखी राहील. मग फिकं होतानाही चेहरा बदलल्याचा भास होतो.

---

कोथरूडकर_७८

बरं, कळलं. कापून बघतो.

---

पेठेतला_पंत

नावं दिली. १, २ आणि ४ आता बरोबर जातात. ३ आणि ५ अजून गोंधळतात. यादीत बघितलं तर दुसऱ्या स्लाईडवर `!!गुरुजी` दोनदा दिसतंय.

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

म्हणजे त्या स्लाईडवर गोल पुन्हा कॉपी झालाय. `Oval 4` सारखं आपोआप आलेलं नाव असेल तर कॉपीला नवा आकडा मिळतो. पण आपण हाताने दिलेलं नाव कॉपीबरोबर जसंच्या तसं जातं. एकाच स्लाईडवर एका नावाचे दोन गोल झाले की त्यातला कोणता घ्यायचा हे पुन्हा पॉवरपॉइंटच्या मर्जीवर. यादीत एकेका नावावर क्लिक करा, कोणता गोल निवडला जातो ते स्लाईडवर दिसतं, ज्यात ५ लिहिलंय त्याचं नाव `!!केसरीवाडा` करा.

यादी उघडलीच आहे तर क्रमही बघून घ्या. यादीत सर्वांत वर असलेली वस्तू स्लाईडवर सर्वांत पुढे असते. पहिल्या स्लाईडवर कसबा जोगेश्वरीच्या वर आणि दुसरीवर खाली असा क्रम उलटला की गोल एकमेकांवरून जाताना मध्येच टचकन मागेपुढे होतात. तिन्ही स्लाईडवर एकच क्रम ठेवा, नकाशा सर्वांत खाली.

---

पेठेतला_पंत

झालं! पाचही गोल आपापल्या वाटेने जातायत. वाट मात्र अजून घरांवरूनच.

---

तात्या_सदाशिव

वळणासाठी एक युक्ती आहे. गोलाभोवती मोठं वर्तुळ काढा, त्याचा रंग आणि कडा दोन्ही काढून टाका म्हणजे ते दिसणार नाही. गोल त्या वर्तुळाच्या कडेवर ठेवून दोन्हींचा ग्रुप करा. दुसऱ्या स्लाईडवर ग्रुप ९० अंशांत फिरवा. मॉर्फ फिरणंही दाखवतो, त्यामुळे गोल सरळ न जाता वर्तुळाच्या कडेने वळसा घालून जातो. बेलबाग चौकाचं वळण असं करा, काम फत्ते.

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

युक्ती खरी आहे आणि मलाही आवडते, पण इथे नको. ग्रुपबरोबर आतला आकडाही ९० अंशांत फिरेल, म्हणजे कसब्याचा १ आडवा झोपेल. पाच गोलांचे पाच ग्रुप करायचे, प्रत्येकाचं केंद्र वेगळं. आणि बेलबाग चौक म्हणजे काही गोल वळसा नाही, सरळ काटकोन आहे. ही युक्ती एखादी वस्तू चौकातल्या बेटाभोवती फिरवायला किंवा पृथ्वीभोवती चंद्र दाखवायला चांगली. तेव्हाही एका टप्प्यात १८० अंशांच्या आतच फिरवा. पूर्ण ३६० फिरवलं तर सुरुवात आणि शेवट एकच दिसतो, त्यामुळे काहीच हलत नाही.

पंत, मुळात एक लक्षात घ्या. मॉर्फला फक्त सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा माहीत असते. मधला रस्ता त्याला कोणी सांगितलेला नाही, म्हणून तो सरळ रेषेत जातो. वळण हवं तिथे थांबा द्यावा लागतो, म्हणजे वळणाच्या टोकावर एक मधली स्लाईड.

तुमच्या नकाशात उत्तर वर आहे असं धरते. मंडईपासून बेलबाग चौक सरळ वर, तिथून लक्ष्मी रस्ता डावीकडे, थोडा खाली उतरत अलका चौकाकडे. पाच गोल एकामागे एक काढायचे असल्याने थांबे असे पडतील:

पहिली स्लाईड: पाचही मंडईत रांगेत.
दुसरी: कसबा बेलबाग चौकाच्या बरोबर कोपऱ्यावर, बाकीचे चार त्याच्या मागे उभ्या रांगेत वर सरकलेले.
तिसरी: कसबा लक्ष्मी रस्त्यावर एक घर पुढे, आता जोगेश्वरी कोपऱ्यावर, उरलेले तीन एकेक घर वर.
याच रीतीने सहाव्या स्लाईडवर केसरीवाडा कोपऱ्यावर येतो.
सातवी: पाचही लक्ष्मी रस्त्याच्या रेषेवर, कोपरा मोकळा.
आठवी: पाचही अलका चौकाजवळ.

दोन गोलांमधलं अंतर सगळीकडे एकच ठेवा, समजा २ सेंटीमीटर. म्हणजे दर स्लाईडला प्रत्येक गोल बरोबर २ सेंटीमीटर पुढे जातो आणि कोणाची गती कमीजास्त होत नाही. उभ्या भागात सरकवणं सोपं आहे: गोल निवडा, `Shape Format` मध्ये `Size` च्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा, उघडणाऱ्या पट्टीत `Position` खाली उभी जागा आकड्यात दिसते, तिथे २ वजा करा. माउसने अंदाजे ओढलं की रांग डुलते आणि मॉर्फमध्ये ते लगेच कळतं.

---

पेठेतला_पंत

आठ स्लाईड्स म्हणजे सात वेळा क्लिक? बोलायचं की बटण दाबत बसायचं?

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

एकदाच. `Transitions` टॅबच्या उजव्या टोकाला `After` आहे, त्यावर टिक करा आणि वेळ `00:00.00` ठेवा. म्हणजे ती स्लाईड आल्या आल्या पुढची सुरू होते.

इथे बहुतेकांची एक गल्लत होते. मॉर्फ आणि त्याचा कालावधी *येणाऱ्या* स्लाईडचा असतो. `After` मात्र *जाणाऱ्या* स्लाईडचं असतं, ही स्लाईड किती वेळ थांबेल ते सांगणारं. तुम्हाला पहिल्या स्लाईडवर बोलायचंय आणि मग एका क्लिकने मिरवणूक निघायला हवीय. म्हणून पहिलीवर `After` नको, `On Mouse Click` ठेवा. दुसरी ते सातवी `After` शून्य. आठवीवर पुन्हा क्लिक.

कालावधी अंतराच्या प्रमाणात द्या. २ सेंटीमीटरचे टप्पे प्रत्येकी १ सेकंद. सातवीपासून आठवीपर्यंतचं अंतर नकाशावर १० सेंटीमीटर असेल तर तिथे ५ सेकंद. सगळीकडे दोन सेकंदच ठेवले तर कोपऱ्यावर रेंगाळणारी मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावर एकदम धावत सुटेल.

---

पुणेरी_चोखंदळ

लक्ष्मी रस्त्यावर पाच सेकंदांत! वास्तवाशी काडीचाही संबंध नाही.

---

पेठेतला_पंत

केलं. वळण झकास घेतायत. पण प्रत्येक टप्प्याला गचका बसतो. निघतात हळू, मध्ये वेग घेतात, थांबतात, पुन्हा निघतात. `After` शून्यच आहे, दोनदा तपासलं.

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

तो गचका `After` चा नाही. मॉर्फ प्रत्येक टप्पा हळू सुरू करतो आणि हळू संपवतो. त्यासाठी कुठेही सेटिंग नाही, बंद करता येत नाही. टप्पे वाढवले की गचकेही वाढतात, म्हणून माझा नियम असा की जिथे वळण आहे किंवा जिथे थांबणं शोभतं तिथेच थांबा. तुमच्या विषयात ते शोभतंय, मिरवणूक चौकाचौकात थांबतेच.

अखंड एका लयीत हवं असेल तर मॉर्फ सोडून एकाच स्लाईडवर `Animations` मधला `Custom Path` घ्या, मंडईपासून अलका चौकापर्यंत हाताने रेघ काढा आणि `Effect Options` मध्ये `Smooth start`, `Smooth end` दोन्ही शून्य करा. पाच गोलांना पाच मार्ग, प्रत्येकाला `Delay` वाढवत न्यायचा. गती एकसारखी मिळते, पण नंतर एखादा गोल दोन मिलिमीटर हलवायचा झाला की मार्ग पुन्हा जुळवा. त्या मानाने मॉर्फमध्ये दुरुस्ती फार सोपी, गोल ओढला की झालं.

एकाच गोलावर दोन्ही मात्र लावू नका. येणाऱ्या स्लाईडवर एखाद्या गोलाला `Entrance` प्रकारचं अ‍ॅनिमेशन असेल तर स्लाईड सुरू होताना तो गोल तिथे नसतोच, मग मॉर्फने जायचं कुठे? जुना गोल विरतो आणि लोक मॉर्फ बिघडला म्हणतात.

---

तात्या_सदाशिव

मला गचका पटत नाही. कालावधी ०.५ सेकंद केला की जाणवत नाही.

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

जाणवत नाही कारण डोळ्याला पकडता येत नाही, गेलेला नसतो. आणि २ सेंटीमीटर अर्ध्या सेकंदात म्हणजे मिरवणूक पळत सुटली. चवीचा भाग आहे, दोन्ही करून बघा.

---

वाक्यविन्यास

मजकुराचं कोणी बोललं नाही म्हणून. पंतांच्या स्लाईडवर वर शीर्षक असेलच. मॉर्फच्या `Effect Options` मध्ये `Objects`, `Words`, `Characters` असे तीन पर्याय मिळतात. `Words` घेतलं की दोन्ही स्लाईडवर असलेले समान शब्द उडत आपापल्या नव्या जागी जातात, उरलेले विरतात किंवा उगवतात.

मराठीत इथे विभक्ती आडवी येते. पहिल्या स्लाईडवर "मंडई ते बेलबाग चौक" आणि पुढे "बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याकडे" असं लिहिलं तर फक्त "बेलबाग" उडून येतो. "चौक" आणि "चौकातून" हे दोन वेगळे शब्द, त्यामुळे "चौक" बिचारा जागेवरच विरतो. "बेलबाग चौक ते अलका चौक" असं प्रत्यय टाळून लिहिलं की जोडी लागते.

एक शंका मात्र माझ्याकडेच आहे. या दुसऱ्या शीर्षकात "चौक" दोनदा आहे आणि आधीच्यात एकदाच. कोणत्या "चौका"कडे उडी जाईल ते कसं ठरतं?

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

त्याचा भरवशाचा नियम मला मांडता येणार नाही. मी अशा वेळी शब्दच सुटा करते: "अलका चौक" वेगळ्या चौकटीत आणि तिला `!!गंतव्य` असं नाव. मग अंदाजाचा प्रश्नच राहत नाही. आणि मराठी मजकुराला `Characters` मी वापरत नाही. अक्षरं पडद्यावर सैरावैरा उडाली की लोक नकाशा सोडून तिकडेच बघतात.

---

बाणेर_बायनरी

पंत, बैठकीच्या जागचं व्हर्जन आत्ताच विचारून घ्या, कारण ते आयत्या वेळी पायात पाय घालतं. मॉर्फ २०१५ च्या अखेरीस ३६५ च्या वर्गणीदारांना मिळाला, नंतर २०१९ मध्ये आला. २०१३ मध्ये फाईल उघडते, काही तक्रार करत नाही, फक्त मॉर्फच्या जागी साधा फेड दिसतो. कारण फाईलमध्येच तशी सोय लिहिलेली असते. `.pptx` ही एक झिप फाईल आहे, उघडून `ppt/slides/slide2.xml` बघा, साधारण असं दिसेल (लांब पत्ते गाळले आहेत):

```xml
<mc:AlternateContent>
  <mc:Choice Requires="p159">
    <p:transition spd="slow" p14:dur="1000">
      <p159:morph option="byObject"/>
    </p:transition>
  </mc:Choice>
  <mc:Fallback>
    <p:transition spd="slow"><p:fade/></p:transition>
  </mc:Fallback>
</mc:AlternateContent>
```

ज्याला `p159` समजतं तो मॉर्फ चालवतो, बाकीचे `Fallback` खालचा फेड उचलतात. गूगल स्लाईड्समध्येही हा मॉर्फ चालत नाही. त्यामुळे व्हर्जन जुनं निघालं तर `File` → `Export` → `Create a Video` करून एमपी४ न्या.

तिथे एक खोडा आहे. `Use Recorded Timings and Narrations` निवडा. दुसरा पर्याय राहिला तर तुमच्या शून्य सेकंदांना कोणी विचारत नाही, प्रत्येक स्लाईडला ठरावीक ५ सेकंद मिळतात आणि मिरवणूक दर दोन सेंटीमीटरला ५ सेकंद ठप्प होते.

---

पुणेरी_चोखंदळ

आता कुठे वास्तवाशी संबंध आला.

---

पेठेतला_पंत

व्हिडिओ काढून ठेवतो. आता एक शेवटचं. नववी स्लाईड घेतली आणि अलका चौक चारपट मोठा करून दाखवला, तिथल्या थांबण्याच्या जागा समजाव्यात म्हणून. मॉर्फने झूम मस्त होतोय, पण नकाशा पार धुरकट. आणि गोल नकाशाबरोबर मोठे न होता भलतीकडेच राहिले.

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

गोलांचं आधी. नकाशा मोठा केला तरी गोल वेगळ्या वस्तू आहेत, त्यांना कोणी सांगितलं नाही. नववी स्लाईड पुन्हा आठवीवरून डुप्लिकेट करा, नकाशा आणि पाचही गोल निवडून `Ctrl+G` ने ग्रुप करा, ग्रुप मोठा करा, अलका चौक मध्यावर येईल असा सरकवा, आणि मग `Ctrl+Shift+G` ने ग्रुप आठवणीने सोडा. आतली नावं टिकतात. ग्रुप तसाच ठेवलात तर आठवीवर सुट्या वस्तू आणि नववीवर गाठोडं, जोडी जमत नाही. मोठं करताना आकडे आणि गोलांच्या कडांची जाडी मात्र आहे तेवढीच राहते. आकडे हाताने वाढवा, मॉर्फ तोही बदल सावकाश दाखवतो.

धुरकटपणाचं गणित सरळ आहे. तुमचा नकाशा बहुधा पडद्याचा फोटो, १९२० पिक्सेल रुंद. चारपट केला की पडद्यावर त्याचा चौथा भाग दिसतो, म्हणजे ४८० पिक्सेल, ते १९२० च्या प्रोजेक्टरवर ताणले जातात. स्वच्छ दिसायला मूळ चित्र ७६८० पिक्सेल रुंद हवं.

असं मोठं चित्र घातलं तरी पॉवरपॉइंट जतन करताना ते दाबून लहान करू शकतो. २२० पीपीआयला दाबलं तर १३.३३ इंच रुंद स्लाईडवर साधारण २९३० पिक्सेल उरतात. म्हणून चित्र घालण्याआधी `File` → `Options` → `Advanced` मध्ये `Image Size and Quality` खाली `Do not compress images in file` वर टिक करा. हे त्या फाईलपुरतं असतं, नवीन फाईलला पुन्हा करावं लागतं. आधीच दाबलेल्या चित्रावर नंतर टिक करून उपयोग नाही, चित्र परत घाला आणि नाव पुन्हा `!!नकाशा` द्या, सगळ्या स्लाईडवर.

---

बाणेर_बायनरी

सगळ्या स्लाईडवर परत घालण्यापेक्षा उजवं क्लिक करून `Change Picture` घ्या. जागा तशीच राहते, फक्त नव्या चित्राची लांबीरुंदी जुन्याच प्रमाणात कापलेली हवी. नाव राहिलंय ना ते यादीत बघून घ्या.

दुसरा मार्ग म्हणजे अलका चौकाचा वेगळा, बारकाव्याचा नकाशा काढा आणि दहाव्या स्लाईडवर झूम संपल्यावर फेडने आणा. सबंध पुण्याचा नकाशा ७६८० पिक्सेलचा करण्यापेक्षा हलकं पडतं.

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

जुन्या लॅपटॉपवर हे दुसरं खरंच बरं. मोठं चित्र आणि मॉर्फ एकत्र आले की दुबळ्या मशीनवर झूम अडखळतो.

---

कोथरूडकर_७८

डोळ्यांची रेघ जुळवली. आजोबांचं कपाळ मोठं असल्याने हनुवटी जुळत नाही. चालेल का?

---

स्लाईडवाली_कर्वेनगर

डोळे जुळले की पुरतं. कालावधी तीन सेकंद करून बघा.

---

पेठेतला_पंत

`Change Picture` ने झालं, नावं टिकली. आठ स्लाईड्सचा एकच क्लिक, आकडे बरोबर, गुरुजी तालीम तिसऱ्याच नंबरवर. नकाशा ७६८० ऐवजी ५००० चा मिळाला, मागच्या रांगेतून कळणार नाही इतपत स्वच्छ आहे.

बैठकीच्या जागी २०१३ निघालं, म्हणून एमपी४ नेतोय. पण आता पहिल्या स्लाईडवर बोलायला थांबायचं कसं? व्हिडिओ सुरू झाला की मिरवणूक निघतेच.

---

तात्या_सदाशिव

स्पेसबार दाबून थांबवायचा.

---

बाणेर_बायनरी

किंवा व्हिडिओचे दोन तुकडे करा. पहिली स्लाईड २०१३ मध्ये साधं चित्र म्हणून ठेवा आणि पुढच्या स्लाईडवर व्हिडिओ घालून `Start: Automatically` करा. व्हिडिओची पहिली चौकट आणि ते चित्र हुबेहूब एकच हवं, नाहीतर सांधा दिसेल. चित्रासाठी पहिलीच स्लाईड `Save As` मधून पीएनजी करून घ्या.

---

पेठेतला_पंत

पीएनजी आणि व्हिडिओ यांच्या भगव्या रंगात किंचित फरक दिसतोय, सांध्याला गोल फिके होतात. तो घालवायचा उपाय कोणाकडे आहे का?